‘पूर्ण सहमत’चा रकाना

जूनमध्ये शाळा उघडतात, पटावर नवी नावं चढतात आणि त्यातल्या एखाद्या नावापुढे ‘विशेष गरजा असलेले बालक’ अशी नोंद होते. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि त्या मुलाला बाकीच्यांसोबत एकाच वर्गात शिकवा, असं तो शाळांना सांगतो. कायदा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. आत कुठं बसवायचं, फळ्यावरचं त्याला दिसतं का, प्रश्न विचारताना बाईंची नजर त्याच्यावर थांबते की पुढच्या बाकाकडे सरकते, हे मात्र बाईंच्या मनात त्याच्याविषयी काय आहे त्यावर ठरतं. हे मनातलं वाचायचं कसं, हाच माझ्या पीएच.डी.च्या प्रस्तावाचा विषय आहे.

वाचायची सोपी रीत तयारच आहे. प्रश्नावली द्या, चार-पाच रकाने आखा, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. परदेशात तयार झालेल्या अशा मापनश्रेणी आपल्याकडे भाषांतर करून सर्रास वापरतात. ‘सॅसी-आर’ ही त्यातली एक, 2011ची, 15 विधानांची. ती मुळात शिक्षक होऊ घातलेल्यांसाठी बेतलेली. वीस वर्षं खडू हातात धरलेल्या गुरुजींपुढे ती ठेवली की ते मिनिटाभरात ओळखतात, इथं कोणतं उत्तर शोभेल. ‘सर्व मुलांनी एकत्र शिकावे’ यावर ‘असहमत’ लिहायला कोण धजावणार? आणि विधानातलं मूल प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं असतं. एकाला व्हीलचेअरवरची हुशार मुलगी दिसते, दुसऱ्याला तासभर वर्गात फेऱ्या मारणारा मुलगा. दोघांचाही होकार एकाच रकान्यात पडतो. अव्रामिडिस आणि नॉर्विच यांनी 2002 साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हेच दिसलं होतं: तत्त्वाला शिक्षकांचा पाठिंबा असतो, पण अपंगत्व कोणतं आणि किती तीव्र, यावर तो हलतो.

म्हणून प्रस्तावात मी प्रश्नावलीसोबत गोष्टी ठेवल्या. इयत्ता तिसरीतलं एक मूल, घर, स्वभाव, वाचनाची गती, सगळं तेच. बदलतं ते एकच. एका गोष्टीत त्याला कमी दिसतं, दुसरीत कमी ऐकू येतं, तिसरीत ते स्वमग्न आहे, चौथीत बौद्धिक अक्षमता आहे. प्रत्येक शिक्षकाला चिठ्ठी टाकून यांतली एकच गोष्ट मिळेल. पुढचे प्रश्न ‘असावे का’ असे नाहीत. सोमवारी सकाळी हे मूल तुमच्या वर्गात आलं तर कुठं बसवाल, गणिताच्या तासाला त्याच्या हातात काय द्याल, कुणाला मदतीला हाक माराल?

क्षेत्र जुन्नर तालुका. पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांमधल्या दोनशिक्षकी शाळा, पूर्वेला बागायती गावांतल्या भरल्या पटाच्या. शिक्षक 240. हा आकडा हवेतला नाही. दोन चलांमधला दुबळा संबंध, म्हणजे 0.2च्या आसपासचा, हाती लागण्याची शंभरात ऐंशी शक्यता हवी असेल तर साधारण 194 जण लागतात. पण एकाच शाळेतले दोन शिक्षक रोज एकाच डब्यातून जेवतात आणि त्यांची मतंही एकमेकांना लागतात. तेवढी भर टाकली की 230च्या वर जावं लागतं.

परवानगीचं कलम सर्वात जास्त वेळा खोडलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र नसेल तर शाळेत पाऊल टाकता येत नाही, आणि पत्र केंद्रप्रमुखांमार्फत खाली गेलं की विनंतीचा आदेश होतो. मग भरलेल्या कागदांवर सगळं छान छान येतं. म्हणून शिक्षण परिषदेच्या दिवशी मी स्वतः कागद वाटणार, बंद पेटीत गोळा करणार, नाव नाही, फक्त शिक्षकाने स्वतः ठरवलेला सांकेतिक क्रमांक. ज्यांना पुढच्या टप्प्यात यायचंय त्यांनी वेगळ्या चिठ्ठीवर तो क्रमांक आणि फोन लिहायचा. यात एक गळती आहेच: ज्यांना वर्ग दाखवायचा नाही ते चिठ्ठी देणार नाहीत. ती झाकण्याचा उपाय मला सापडलेला नाही, एवढंच करता येतं की चिठ्ठी न देणाऱ्यांचे गुण वेगळे मांडायचे.

या दुसऱ्या टप्प्यासाठीच खरं तर सगळा खटाटोप. चिठ्ठी दिलेल्यांतून 12 जण निवडायचे, काही भरघोस गुणांचे, काही तळाचे, आणि त्यांच्या वर्गात जाऊन बसायचं. का, ते पूर्वतयारीच्या वेळी भेटलेल्या एका बाईंमुळे उमगलं. प्रश्नावलीत त्यांचे गुण तळाशी. “अशी मुलं विशेष शाळेतच बरी,” असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांच्या वर्गात एक अल्पदृष्टी मुलगी होती. ती पहिल्या बाकावर, पण खिडकीच्या बाजूला नव्हे. ऊन फळ्यावर पडून चकाकतं तिथून आत, भिंतीकडे. बाई फळ्यावर लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होत्या. मुलीच्या वहीतल्या रेघा काळ्या स्केचपेनने जाड केलेल्या, पानामागून पान. तासानंतर विचारलं तर बाई म्हणाल्या, “अहो, तिला दिसत नाही म्हणून. ते काय समावेशन नव्हे!”

बाईंचा अविश्वास मुलीवर नव्हता. मदतीला कुणी येईल यावर होता. फिरत्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला इतक्या शाळा की त्यांच्या शाळेत त्याची पाळी क्वचितच यायची. प्रश्नावलीला हा फरक कळत नाही. पाजारेस यांनी 1992 साली शिक्षकांच्या श्रद्धांना पसाऱ्याची संकल्पना म्हटलं ते याचसाठी: मत, भीती, अनुभव, थकवा, सगळं एकाच गाठोड्यात. ते सोडवायला वर्गात बसून टिपायला हवं: मूल कुठं बसलंय, किती वेळा विचारलं, उत्तरासाठी किती सेकंद थांबले. आणि त्याच दुपारी ती टिपणं समोर ठेवून विचारायचं, इथं तुम्ही थांबलात, का थांबलात?

वेळापत्रक शाळा ठरवते, मी नाही. नियमाने किमान तीन वर्षं, कमाल सहा. पहिलं वर्ष 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणि साधनं तपासून घेण्यात जाईल. दुसऱ्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या शिक्षण परिषदांमध्ये प्रश्नावली, दिवाळीची सुट्टी संपली की फेब्रुवारीपर्यंत वर्ग. जून प्रवेशांचा, मार्च-एप्रिल परीक्षांचा, तेव्हा शाळेत पाहुणा नको असतो. निवडणूक लागली तर शिक्षक त्या कामावर जातात, त्यासाठी एक सबंध सत्र राखून ठेवलंय. तिसऱ्या वर्षी निष्कर्ष आधी त्या बारा जणांना दाखवायचे, मग विद्यापीठाला.

सल्लागार समितीत एका सरांनी विचारलं, प्रशिक्षण दिलं तर या श्रद्धा बदलतात का? हा अभ्यास ते सांगणार नाही. त्यासाठी प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट घेऊन दोन्हींच्या वर्गात आधी आणि नंतर बसावं लागेल. प्रस्तावात ‘मर्यादा’ या मथळ्याखाली ते पहिलंच वाक्य आहे.