चिमणीनं दार आधीच उघडलं

लोककथेला हात लावू नये, असं माझं ठाम मत होतं. चिऊकाऊची गोष्ट जशी ऐकली तशीच पुढे द्यायची. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलंच पाहिजे, आणि चिमणीनं त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवलंच पाहिजे. गोष्टी गुळगुळीत करणाऱ्यांशी मी भांडले आहे. निजवतानाच्या गोष्टीपुरतं तरी ते मत आता मी सोडलं आहे.

माझी लेक बदलापुरात राहते, उल्हास नदीच्या अंगाला. तिथल्या पोरांना पूर पुस्तकात शोधावा लागत नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती. त्या वेळी माझा नातू जन्मलाही नव्हता, पण पाऊस वाढला की खालच्या गाड्या उंचावर नेण्याची धावपळ तो दर वर्षी बघतो. त्यात बाबा रात्री उशिराच्या कर्जत लोकलनं येतो, तेव्हा पेंगुळलेलं पोर पुन्हा ताजंतवानं होतं. अशा रात्री मी त्याला घर वाहून गेल्याची गोष्ट सांगत होते, तीही आवाज चढवून. तो उठून बसायचा आणि विचारायचा, ‘‘आपलं घर कशाचं आहे, आजी?’’

मग मी गोष्ट नीट तपासली. त्याला जागं ठेवणारा पाऊस एकटा नव्हता. कावळा दार वाजवतो, चिमणी एकेक काम सांगून त्याला थांबवते, आणि प्रत्येक वेळी पोराच्या मनात तोच प्रश्न उभा राहतो : आता उघडेल का? दिवसा हीच गंमत आहे. रात्री मात्र प्रत्येक टकटकीला त्याचे डोळे पुन्हा उघडायचे.

पहिल्यांदा मी पाऊसच काढून टाकला. ते फसलं. ‘‘असं नाहीये,’’ म्हणून त्यानं मला थांबवलं आणि चुकलेला भाग स्वतः सांगायला लागला, म्हणजे झोप आणखी लांबली. त्यानंतर कुठलाही बदल मी आधी दुपारी सांगून ठेवायला लागले. रात्री कानावर पडेल ते ओळखीचंच असलं पाहिजे.

आता आमच्या रात्रीच्या गोष्टीत पाऊस आहे, पण तो गोष्ट सुरू होताना पडून गेलेला असतो आणि पागोळ्या तेवढ्या गळत असतात. कावळा येतो, आणि चिमणी पहिल्याच हाकेला दार उघडते. त्याला थांबवण्यासाठी ती सांगायची ती कामं मी ठेवली. बाळाला न्हाऊ घालणं, पुसणं, काजळ घालणं, दूध पाजणं, थोपटणं, हा तर निजण्याआधीचा क्रमच आहे! मूळ गोष्टीत ही कामं सबबी होती. आता चिमणी ती खरोखर करते आणि कावळा कोपऱ्यात ऊब घेत बघत बसतो.

वाक्यंही बदलावी लागली. आधी मी म्हणायची, ‘‘तेवढ्यात धाडकन वीज कडाडली! आणि काय झालं माहितीये?’’ ‘तेवढ्यात’, ‘अचानक’ आणि प्रश्न हे तिन्ही रात्री वर्ज्य केले. आता मी म्हणते, ‘‘चिऊनं बाळाला पुसून, दुपट्यात गुंडाळून, कुशीत घेऊन, हळू हळू थोपटलं.’’ आपल्या भाषेतली ही ‘ऊन’ची साखळी फार कामाची आहे. प्रत्येक ‘ऊन’वर आवाज किंचित टेकतो, पण वाक्य तुटत नाही. तिथे मी श्वास सोडते, आणि थोड्या वेळानं पोराचा श्वासही त्याच संथ लयीत येतो.

चित्रांचाही क्रम लावला : आधी आभाळ, मग झाड, मग घर, मग दुपटं, शेवटी बाळाच्या पापण्या. मोठ्याकडून लहानाकडे आणि हलत्याकडून स्थिराकडे. एकदा उगाच रंगत यावी म्हणून पापण्यांनंतर खिडकीत काजवा आणला, तर नातू काजवा बघायला उठला.

वाक्यात कुठे ओढ राहिली आहे, हे पोरच सांगतं. ‘‘मग?’’ असं विचारलं, की आधीचं वाक्य उत्सुकता लावणारं होतं असं समजावं. सुरुवातीला तो माझ्याबरोबर ‘हळू हळू’ म्हणतो, पुढे नुसते ओठ हलतात, मग तेही थांबतात. तिथे मी लगेच गप्प होत नाही, कारण आवाज एकदम तुटला की तो दचकतो. तेच थोपटण्याचं वाक्य आणखी दोनतीनदा, दर वेळी थोडं हलक्या आवाजात म्हणते. नाक चोंदलेलं असलं किंवा डास चावत असले, तर मात्र गोष्टीचं काही चालत नाही. आधी त्याची सोय बघावी लागते.

अंबरनाथची माझी धाकटी बहीण अजून माझ्याशी सहमत नाही. कावळ्याला फजितीची शिक्षा मिळाली नाही तर गोष्टीत उरलं काय, असं ती म्हणते. तिचं म्हणणं दिवसाच्या गोष्टीला पूर्ण लागू आहे, म्हणून दुपारी मी जुनीच गोष्ट सांगते. शेणाचं घर वाहून जातं, नातू स्वतः दार वाजवतो, आणि चिमणी होऊन त्याला ताटकळत ठेवायचं काम माझ्याकडे असतं.