दडण्याची जागा

'लपणे' आणि 'दडणे' ही दोन क्रियापदे आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मांजराबरोबर काही वर्षे काढल्यावर मात्र मला त्यांच्यात फरक जाणवू लागला आहे. लपणाऱ्याला कुणाच्या दृष्टीस पडायचे नसते, एवढेच. दडणाऱ्याचे तेवढ्याने भागत नाही. त्याला पाठीला टेकायला भिंत हवी असते, डोक्यावर छत हवे असते, आणि नजर ठेवायला एकच बाजू मोकळी हवी असते. (तिसरे 'दबा धरणे'. तेही मांजराचेच, पण ते उंदरासमोरचे.) मांजर शिकारी आहे हे आपण जाणतो, ते आकाराने लहान असल्यामुळे स्वतःही कुणाचे तरी भक्ष्य होऊ शकते, हे विसरतो. संकट आले की कुत्रा बहुधा आपल्या माणसाकडे धावतो, मांजर बहुधा जागेकडे. तिथे दडून बसणे हा त्याचा आजार नसून त्याने स्वतःच शोधलेला उपाय असतो. दिवाळीच्या आठवड्यात घरातल्या माणसांना नेमके हेच पटवणे सर्वांत अवघड जाते.

आमची ठकी सहा वर्षांची आहे. पुण्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि दिवाणखान्याची खिडकी थेट सोसायटीच्या मोकळ्या जागेवर उघडते. सुतळी बॉम्ब आणि लांबलचक माळा लावायची जागाही तीच. माणसाचा कान साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर टिपतो, तर मांजराचा सुमारे पंचाऐंशी हजारांपर्यंतचे. त्यामुळे खिडकीखालचा तो गोंधळ ठकीला आपल्यापेक्षा निराळाच ऐकू येत असणार. शिवाय त्याचे कारण तिला कळत नाही आणि तो केव्हा थांबेल हेही. 'पळता भुई थोडी' हा वाक्प्रचार तिच्यासाठी त्या रात्री अक्षरशः खरा असतो. म्हणून ती भुई आधीच नेमून ठेवायची.

जागा आपण ठरवायची नाही, शोधायची. पहिल्या वळवाच्या गडगडाटात ठकी कुठे जाते, हे मी गेल्या वर्षी पाहून ठेवले होते. मधल्या बोळात, माळ्याखाली, भिंतीतल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा आहे. जुन्या चादरींच्या गठ्ठ्यामागे ती शिरली होती. निवड उत्तम होती, कारण त्या बोळाला बाहेरची एकही भिंत नाही. दसऱ्याला मी त्या चादरी काढल्या आणि तिथे पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवला. लांबी दीड फूट, रुंदी आणि उंची साधारण फूटभर. तिला आत वळता यावे आणि मुटकुळे करून बसता यावे, पण अंगाला भिंती लागाव्यात. फार ऐसपैस खोका तिला आधार देत नाही. तोंड वीतभर रुंद कापले आणि ते कप्प्याच्या बाजूच्या भिंतीकडे, हातभर अंतर सोडून वळवले. येणाजाणाऱ्याचे पाय तिला दिसू नयेत म्हणून. आत तिच्याच रोजच्या गोधडीचा तुकडा घातला. तो धुतला नव्हता, कारण तिचा स्वतःचा वास हीच तिथली ओळख असते. कप्प्याचे दार बिजागरीवरून काढूनच टाकले, म्हणजे ते चुकून लागायला नको. घरात दुसरे मांजर असते तर खोक्याला मागूनही एक वाट ठेवली असती.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस मिळतात आणि ते सगळे लागतात. रोज एकदा तिचा आवडता सुका मासा खोक्यात ठेवायचा आणि निघून जायचे. आठवडाभराने ती दुपारची झोप तिथे काढू लागली. ऐन धडाक्यात नवा खोका पुढे केला तर मांजर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते शीतकपाटामागे किंवा धुलाईयंत्रात शिरते, आणि त्या जागा धोक्याच्या आहेत.

खोका आवाज थांबवत नाही, हे इथे सांगायला हवे. वरून आणि तीन बाजूंनी गोधडी टाकली की कर्कशपणा थोडा बोथट होतो, पण सुतळी बॉम्बचा दणका भिंतीतून आणि जमिनीतून येतच राहतो. तरीही आडोशाचा उपयोग होतो. नेदरलँड्समधल्या प्राणिनिवाऱ्यात नव्या आलेल्या एकोणीस मांजरांवर झालेले एक संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. दहा मांजरांना दडायला खोका दिला, नऊ जणींना दिला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकेवाल्या मांजरांवरचा ताण स्पष्टपणे कमी दिसला. चौदाव्या दिवसापर्यंत दोन्ही गट सारखे झाले. फटाक्यांचा त्यात संबंध नव्हता आणि संख्याही लहान होती. तरी एवढे दिसते की आडोसा भीतीचे कारण दूर करत नाही, सावरण्याचा काळ मात्र कमी करतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार वाजताच ठकीला खाऊ घातले, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. बोळाच्या एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला मातीचे घमेले. फराळाची ताटे घेऊन शेजारी येतात तेव्हा दार सताड उघडे राहते आणि बिथरलेले मांजर त्यातूनच निसटते. म्हणून बोळाचे दार वेगळे लोटून घेतले. सात वाजता पहिली माळ लागली आणि ठकी एका झेपेत खोक्यात गेली.

खरा प्रश्न आईचा होता. कप्प्याशी वाकून तिने पाहिले: कान चपटे, डोळ्यांची बुबुळे काळीभोर, अंग आक्रसलेले. "अगं, थरथरतेय ती. बाहेर काढ, मांडीवर घेते मी. लेकराला असं एकटं टाकतात का?" मी म्हटले, "आई, ती आपणहून आली तर खुशाल घे. कुरवाळल्याने भीती वाढत नाही. पण ओढून काढलं तर दडायची जागासुद्धा भरवशाची नाही, असं तिला वाटेल." आईला हे कोरडेपणाचे वाटले, आणि तिचे वाटणे मला परके नव्हते. आपल्याकडे सांत्वन म्हणजे जवळ घेणे. जिथे जवळ न घेणे हेच सांत्वन असते, तिथे आपले हात रिकामे राहतात. आईने मग कापूस आणला आणि बोळात, खोक्याकडे पाठ करून, वाती वळत बसली. दोन तास. मला याहून चांगले काही सुचले नसते.

पावणेबाराला ठकी बाहेर आली, पाणी प्यायली आणि पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खाल्ले. इथपर्यंतचे सारे स्वाभाविक असते. पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, पूर्ण दिवस अन्नाला शिवले नाही किंवा त्याला लघवी होत नसली, तर खोक्याच्या भरवशावर थांबू नये. बोका लघवीला अडला तर त्याच तासाला पशुवैद्य गाठावा. दरवर्षीच भीती इतकी अनावर होत असेल, तर दिवाळीच्या बऱ्याच आधी त्यांच्याशी बोलावे. फटाक्यांच्या आधी द्यायची औषधे आता असतात. माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत. साधे पॅरासिटामॉलही मांजराचा जीव घेते.

भाऊबीज झाली की खोका रद्दीत टाकण्याची घरात घाई होते. मी तो तसाच ठेवते. तुळशीच्या लग्नाला पुन्हा माळा लागतात आणि त्रिपुरी पौर्णिमेलाही. यंदा शेजारच्या भूखंडावर पायासाठी खडक फोडायचे यंत्रही येणार आहे म्हणे, तेव्हा तो पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच राहील.