वारंगा फाट्यावरचा पिवळा दगड

नांदेडहून हिंगोलीला यायला दोन वाटा आहेत. एक अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी अशी. दुसरी वसमत आणि औंढा नागनाथवरून. अंतरात फारसा फरक नाही. मग वाट निवडावी कशी, आणि निवडली ती सुटली नाही हे कळावे कसे?

आमची लग्नाची मंडळी एका रात्री नांदेडहून टेम्पोने निघाली. वारंग्याला चालक सरळ गेला. रस्ता चांगला, दगडांचे माथे पिवळे, म्हणून कुणाला शंका आली नाही. पुढे एकाने बॅटरी पाडून पाहिले, तर दगडावर हदगावचे नाव! तिथून परत फिरावे लागले.

पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामसडक. परंतु रंग फक्त रस्त्याची जात सांगतो, गाव सांगत नाही. नांदेड ते वारंगा हा तुकडा १६१ आणि ३६१ या दोन्ही महामार्गांचा आहे. वारंग्याला ते वेगळे होतात. १६१ कळमनुरी, हिंगोली, वाशीमवरून अकोल्याला जातो, ३६१ हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. दोघांचे माथे पिवळेच! म्हणून फाटा ओलांडल्यावर पहिल्याच दगडावर थांबून आकडा आणि गावाचे नाव वाचावे.

या आकड्यांतही खूण आहे. तीन आकडी महामार्ग हा बहुधा शेवटच्या दोन आकड्यांच्या मुख्य महामार्गाची शाखा असतो. १६१ व ३६१ या ६१ च्या शाखा. तो ६१ म्हणजे कल्याण, अहिल्यानगर, परभणी, वसमत, नांदेड, निर्मल असा रस्ता. २०१० साली क्रमांक बदलले, त्याआधी तो २२२ होता. म्हणून वसमत बाजूला एखाद्या जुन्या दगडावर २२२ दिसला तर वाट चुकली असे समजू नये. वसमतला मात्र ६१ सोडून औंढ्याकडे वळायचे असते. न वळल्यास परभणी येते.

आता निवड. अंतर सारखे असेल तर दगडांवर घड्याळ लावावे. पाच किलोमीटरला सहा मिनिटे लागली तर वेग तासाला पन्नास, दहा लागली तर तीस. नव्वद किलोमीटरला पहिल्या चालीने पावणेदोन तासांहून थोडे अधिक, दुसरीने तीन तास. दोन्ही वाटांवर एकेकदा असे मोजून वहीत लिहून ठेवले, की आजारी माणूस न्यायच्या वेळी विचार करत बसावे लागत नाही. मोजमाप पावसाळ्यात पुन्हा करावे, कारण खड्डे दगडावर लिहिलेले नसतात.

रुंदीकरणात बरेच दगड निघून गेले आहेत. तिथे फलकावरचा आकडा वाचावा. तोही नसेल, तर पुढच्या गावाचे नाव विचारावे. हिंगोली किती लांब, असे विचारू नये; उत्तर दोन्ही रस्त्यांवर मिळते.