फुगडीचा वेग

श्रावण तोंडावर आलाय, म्हणून चार ते पाचच्या बॅचला आज मंगळागौरीची फुगडी घेतली. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कुणालाच उभं राहू देत नाही. अनवाणी पाय नीट धरतात.

एक जोडी सारखी डगमगत होती. पाहिलं तर दोघींचे कोपर वाकलेले आणि नजर जमिनीवर. कोपर वाकले की दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात, मागे झुकायला जागाच उरत नाही. पावलं जवळ घ्यायला लावली, हात ताठ करायला सांगितले, नजर समोरचीच्या चेहऱ्यावर. लगेच तोल सापडला आणि गरगरणंही कमी झालं. थांबताना मात्र वेग हळूहळू उतरवायचा, एकदम हात सोडायचे नाहीत, हे मी रोज सांगते.

गुडघेदुखीवाल्या काकूंना बसफुगडी दिली नाही, झिम्मा दिला. त्या जरा खट्टू झाल्या, पण माझा निर्णय पक्का आहे.

गाण्याचा वेगही कमी केला. नाचताना एक वाक्य सलग बोलता आलं नाही, तर वेग जास्त आहे.

महिन्याची फी सहाशे, त्यातले दीडशे हॉलभाड्यात जातात. सासूबाईंच्या आजारपणात पंधरा दिवस चुकलेल्या वहिनींकडून निम्मीच घेतली.