बारा ते दोन

आमच्या हॉटेलात चेक-आऊट दुपारी बाराला आणि चेक-इन दोनला. पाहुण्यांना हे दोन तास दिसतही नाहीत. हाऊसकीपिंगवाल्यांचा मात्र अख्खा दिवस या दोन तासांभोवतीच फिरतो.

पूर्वी सकाळी छापील यादी यायची, तिच्यावर पेन्सिलीने खुणा करून आम्ही खोल्या वाटायचो. आता टॅबलेट आहे. कुठली खोली रिकामी झाली, कोणी DND लावलंय, कोणाला जादा उशी हवीय, सगळं त्यावर दिसतं. 'ऑटो'चं बटण दाबलं की खोल्या आपोआप वाटल्याही जातात. मग सुपरवायझर हवी कशाला, असं कोणालाही वाटेल! म्हणून एका दिवसाचा हिशोबच मांडते.

पुण्यातलं बिझनेस हॉटेल, मंगळवार. माझ्याकडच्या खोल्या बेचाळीस. त्यातल्या १८ रिकाम्या होणार, २४ मध्ये पाहुणे राहणार. चार माणसं हवीत, आली तीन. रिकाम्या झालेल्या खोलीला आम्ही चाळीस मिनिटं धरतो, राहत्या खोलीला वीस. एकूण झाली बाराशे मिनिटं, म्हणजे माणशी चारशे. ब्रीफिंग, ट्रॉली भरणं, जेवण, चहा वगळून शिफ्टमध्ये जेमतेम तेवढीच मिळतात. टॅबलेटने प्रत्येकाला सहा रिकाम्या आणि आठ राहत्या खोल्या दिल्या. बेरीज बरोबर, वाटणीही सारखी!

पण मिनिटांची बेरीज जुळली म्हणून वेळ जुळतेच असं नाही. अठरापैकी सकाळी लवकर सुटल्या फक्त पाच. बाकीच्या तेरा बाराच्या सुमाराला. बारा ते दोन या वेळात एक माणूस तीन खोल्या करणार, म्हणजे तिघं मिळून नऊ. चार खोल्या दोनला तयार नसणारच, कितीही धावा! म्हणून कुठल्या चार उरवायच्या हे सकाळीच ठरवायचं. मी फ्रंट ऑफिसकडून येणाऱ्यांच्या वेळा मागवून घेते. संध्याकाळच्या विमानाने येणाऱ्यांच्या खोल्या मागे टाकायच्या.

दुसरी गोष्ट, बाराच्या आत राहत्या खोल्या जास्तीत जास्त उरकायच्या. पण साडेआठला दार कोण उघडणार? आमचे पाहुणे साडेनवाच्या आसपास ऑफिसला निघतात. तोवर त्या पाच रिकाम्या खोल्या घ्यायच्या आणि 'लवकर करा' सांगणाऱ्यांच्या. त्या दिवशी सहा दारांवर DND होतं आणि एका पाहुण्याने तीनची वेळ दिली होती. म्हणजे सात दुपारवर, सतरा बाराच्या आत.

टॅबलेटवर 'चेक-आऊट' दिसलं तरी खोली रिकामी असेलच असं नाही, हेही सांगायला हवं. ती खूण बिल भरल्याची! बिल भरून माणूस बॅग घ्यायला पुन्हा वर जातो. म्हणून दार वाजवून, आवाज देऊन, थांबूनच आत जायचं आणि कपाट, बाथरूम बघून मगच चादरी ओढायच्या.

तिसरी गोष्ट टॅबलेटला दिसतच नाही. त्याला दिसतात 'उपलब्ध तीन'. त्या तिघांतल्या एक मावशी कमरेला पट्टा बांधून येतात. रिकाम्या खोलीत सगळं लिनन बदलायचं, म्हणजे गादीचा प्रत्येक कोपरा उचलायचा. राहत्या खोलीत चादर रोज बदलत नाही, नुसती नीट करायची. म्हणून सकाळच्या पाच रिकाम्या खोल्या मी दोघा पोरांना दिल्या, मावशींना नऊ राहत्या. बारा ते दोन तिघांनाही तीन-तीन, तिथे इलाज नाही. दोननंतर उरलेल्या चार पुन्हा पोरांना, त्यांच्या जोडीला एकेक राहती. मावशींना पाच राहत्या.

दिवसाअखेर मावशींच्या खोल्या सतरा, पोरांच्या बारा आणि तेरा. मिनिटं तिघांची चारशेच. फक्त मावशींनी सहाऐवजी तीनच खोल्यांमधल्या गाद्या उचलल्या.

मध्येच फ्रंट ऑफिसकडून 'रश रूम' येते, टॅबलेट वाजतो. पोरगं हातातली खोली अर्धी टाकून पळायला निघतं. मी जाऊ देत नाही. अर्धी टाकलेल्या खोलीत परत आल्यावर काय झालं, काय राहिलं हे आठवत नाही, आणि राहतो तो नेमका बाथरूममधला केस! हातातली पुरी करायची, मग रश.

मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, हल्ली मशीन मला बरं काम देतं हो." मी हो म्हटलं. मी मुद्दाम हलकं काम देते असं कळलं असतं, तर त्यांनी ते घेतलं नसतं.