बसून खाल्लेली चंदी

आमची घोडी टांग्याला चालते. पावसामुळं ती तीन दिवस ठाणावर बांधून होती, चंदी मात्र रोजचीच, चार किलो हरभरा-जव. चौथ्या दिवशी जुंपली अन् पंधरा मिनिटांत मागचे पाय आखडले. पुठ्ठे दगडासारखे, अंगभर घाम, पाऊल उचलेना. मला वाटलं पोटदुखी, म्हणून फिरवायला लागलो. तीच चूक झाली.

डॉक्टर आले अन् म्हणाले, "दादा, जागेवरच थांबवा. स्नायू फुटलेत, चालवाल तेवढे अजून फुटतील." लघवी कॉफीसारखी झालेली. फुटलेल्या स्नायूंतला रंग मूत्रपिंडात जातो अन् तेच निकामी होऊ शकतं. म्हणून आधी सलाईन, अंगात पाणी भरल्यावरच दुखण्याचं इंजेक्शन. आपल्या मनानं देऊ नका.

रक्तात सीके चाळीस हजार निघालं. धड घोड्यात ते काही शेकड्यांत असतं. आठ दिवसांनी सीके उतरलं, एएसटी मात्र चढलेलंच. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, एएसटी सावकाश, काही आठवड्यांनी उतरतं. सीके पुन्हा चढलं तर समजा नवी इजा झाली.

आता चंदी एक किलोवर आणलीय. पोट सुक्या गवतावर भरतं, ताकदीसाठी तेल थोडं थोडं वाढवत नेलं. रोज मोकळी सोडतो. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चंदी निम्मी, तीही आदल्या संध्याकाळपासूनच.