भाईजानचा फतवा



परवा आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं की रात्री दहानंतर लिफ्ट बंद. लगेच खाली कोणीतरी टाकलं, "आला फतवा!" आपल्या मराठीत हा शब्द असाच रुळलाय. वरून हुकूम सुटला, कारण विचारायचं नाही, की तो फतवा. पक्ष फतवा काढतो, सासूबाई फतवा काढतात. मीही आयुष्याची चाळीस वर्षं हाच अर्थ धरून होतो. तो अर्थ चुकीचा आहे हे मला पुस्तकाने नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसाने शिकवलं. त्यांची आठवण आज लिहितो.

गोष्ट 1989 ची. आमची शाखा हैदराबादेत, जुन्या शहराच्या अलीकडे. मी काचीगुड्याहून सायकलने यायचो. कर्ज विभागात माझ्या बाजूला एक सहकारी होते, वयाने मोठे, सगळे त्यांना भाईजान म्हणत. तेव्हा संगणक नव्हते. जून आणि डिसेंबरला आम्ही रात्री उशिरापर्यंत लेजर उघडून व्याजाचे प्रॉडक्ट काढत बसायचो. भाईजानचा आकडा कधी चुकला नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत इराणच्या खोमेनींनी सलमान रश्दींच्या विरोधात फतवा दिला. पेपरात रोज तेच. फतवा म्हणजे मृत्युदंड, असंच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आणि काही महिन्यांनी भाईजान मला जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाले, "साब, मैं भी फतवा मंगाया हूँ."

माझा घास हातातच राहिला. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर त्यांच्या हातचा उर्दू प्रश्न, खाली उत्तर, सही आणि शिक्का. त्यांनी वाचून दाखवलं. सुरुवात ठरलेली, "क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन इस मसले में कि..." पुढे त्यांचं स्वतःचं नाव नव्हतंच. लिहिलं होतं, जैद नावाचा माणूस बँकेत व्याजाचा हिशोब लिहितो, घरी बायको, तीन मुलं, म्हातारी आई, दुसरं उत्पन्न नाही. त्याची नोकरी जायज आहे का? म्हटलं, हा जैद कोण? ते हसले. आपण गणितात 'क्ष' धरतो तसा फतव्यात जैद असतो. प्रश्न माणसाचा नाही, परिस्थितीचा असतो.

उत्तर असं होतं. व्याज घेणं-देणं निषिद्ध, तसंच ते लिहिणंही. म्हणून ही नोकरी योग्य नाही. पण दुसरी उपजीविका नसेल तर एकदम सोडून घरच्यांना उपाशी ठेवू नये. दुसरं काम मनापासून शोधत राहावं, मिळालं की ही सोडावी, तोवर देवाकडे क्षमा मागत राहावी. शेवटी अरबीत, "वल्लाहु आलम बिस्सवाब", म्हणजे खरं काय ते ईश्वरच अधिक जाणतो.

आता माझी चूक सांगतो. मी आधी घाबरलो होतो, आता एकदम हलका झालो. म्हटलं, "अहो, मग हा साधा कागद आहे! कोणी पकडायला येणार नाही. फाडून टाका." भाईजानचा चेहरा पडला. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच समजावलं, आणि तेही आमच्या बँकेच्या भाषेत. घर तारण घेताना आपण पॅनेलवरच्या वकिलाचं मत मागवतो ना? तो कागद पाहून सांगतो, मालकी स्वच्छ आहे की नाही. तो न्यायाधीश नाही, त्याच्या मतावर जप्ती येत नाही. आपण अर्धेच कागद दिले तर मतही अर्धंच. दोन वकिलांची मतं वेगळी निघू शकतात. मुफ्ती हा त्या वकिलासारखा. निकाल देणारा तो काजी, त्याचं काम वेगळं. काजी दोन्ही बाजू ऐकतो आणि त्याचा निकाल दोघांवर लागू होतो. मुफ्ती फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

"फिर मानना क्यों?" मी विचारलं.

त्यांचं म्हणणं असं होतं, की प्रश्न मी स्वतः विचारला. ज्यांच्या विद्येवर आणि सचोटीवर माझा भरवसा आहे त्यांना विचारला. आता उत्तर अवघड आलं म्हणून फाडायचं, तर विचारलंच कशाला? कायद्याने मी बांधलेला नाही, मनाने आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी इजिप्तचे ग्रँड मुफ्ती, सय्यद तंतावी, यांनी सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचं उत्पन्न चालेल असा फतवा दिला होता. त्यावर तिकडेही खूप वाद झाला. हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. मी उत्साहाने भाईजानना सांगितलं, तर म्हणाले, ठाऊक आहे. दुसऱ्या मुफ्तींना विचारायला मनाई नाही, एकाच्या उत्तराने शंका राहिली तर विचारावंच. पण सोयीचं उत्तर मिळेपर्यंत दारं बदलत राहणं, ते नक्को. आणि प्रेषितांच्या नावे एक वचन सांगितलं जातं, मुफ्ती काहीही सांगोत, आपल्या हृदयालाही विचार. त्यांचं हृदय कैरोला जायला तयार नव्हतं.

भाईजाननी नोकरी लगेच सोडली नाही. कर्जाचं टेबल सोडून आवक-जावक मागून घेतलं. बढतीच्या परीक्षेला बसले नाहीत. मुलांची शिक्षणं झाली, धाकटीचं लग्न झालं. 2001 मध्ये बँकांत व्हीआरएस आली तेव्हा पहिल्या यादीत त्यांचं नाव होतं. नंतर मुलाच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसायचे. बारा वर्षं तो कागद पाकिटात होता. एकाही माणसाने त्यांना जाब विचारला नव्हता.

पण हेही लिहायला हवं की कागद नेहमी असा खिशात राहत नाही. 2005 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका महिलेवर सासऱ्याने बलात्कार केल्याचं प्रकरण गाजलं. तिने काही विचारलंच नव्हतं. प्रश्न एका पत्रकाराने पाठवला आणि उत्तर आलं की ती आता नवऱ्याबरोबर राहू शकत नाही. गावातल्या पंचांचा दबाव होताच. मत मागणारा एक, भोगणारी दुसरी! त्यातूनच एक वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै 2014 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कोणावर लादता येत नाही, लादणं बेकायदा आहे. शिवाय ज्याचा संबंध आहे त्यानेच विचारल्याशिवाय व्यक्तीच्या हक्कांवर परिणाम होईल असा फतवा देऊ नये. मात्र फतवा देण्यावरच बंदी घातली नाही.

तो निकाल पेपरात वाचला तेव्हा मी भाईजानना फोन केला. म्हटलं, कोर्टाने तुमचंच म्हणणं मांडलंय. ते म्हणाले, "हौ साब. जिसने पूछा, जवाब उसका."

भाईजान आता नाहीत. लिफ्टवाल्या त्या ओळीखाली मी काही लिहिलं नाही, इथे लिहिलं. तुमच्याही ऑफिसात, गल्लीत असे कोणी भाईजान असतील तर जरूर सांगा.